क्रेन कुणाची सरस? वर्कशॉपमधली ओरिगामी मॉडेल्स शेजारी ठेवून कशी तपासायची

वर्कशॉप संपलं की टेबलावर सगळ्यांच्या क्रेन मांडल्या जातात आणि मग कुणीतरी म्हणतं "ही बघ, ही मस्त झालीये", बाकीचे माना डोलावतात. का मस्त, ते कुणी सांगत नाही. बहुतेक वेळा कागदाचा रंग चांगला असतो किंवा मान जरा ऐटीत वळलेली असते, बस्स. पण ज्यांना खरंच शिकायचंय त्यांना आपलं नेमकं काय चुकलं हे कळायला हवं, आणि ज्याने वर्कशॉप घेतलं त्यालाही पुढच्या वेळी कुठल्या स्टेपवर थांबायचं हे कळतं. म्हणून इथे फक्त एकच मॉडेल घेतोय, आपली नेहमीची पारंपरिक जपानी क्रेन, १५ सेंमीच्या चौकोनी कागदातली, आणि ती तीन गोष्टींवर कशी तपासायची ते सांगतोय: घडीची धार, सिमेट्री, आणि जो आकार करायचा होता तो झालाय का.

माझं एक मत आधीच सांगून टाकतो. या तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या आणि मार्कांची बेरीज करायची नाही. कारण सुरुवातीला कर्णाची घडी एक मिलिमीटर हलली की शेवटी पंखाचं टोक बोथट होतं, दोन पंख सारखे दिसत नाहीत आणि मानही जाड वाटते, म्हणजे चूक एकच पण मार्क तिन्हीकडे कापले जातात, आणि बिचाऱ्याला वाटतं आपल्याला काहीच जमत नाही.

आधी कागद बघा

तुलना सुरू करायच्या आधी सगळ्यांनी एकाच पाकिटातला कागद वापरलाय ना ते बघा. आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा घोटीव पेपर आणि ओरिगामीचा पातळ कामी पेपर दोन्ही एका बाजूने रंगीत आणि मागून पांढरे असतात, पण घोटीव पेपरचा रंगाचा थर घडीवर फाटतो आणि तिथे पांढरी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे घडी धारदार आहे असं नाही, आणि चूक आहे असंही नाही, तो कागदाचा गुण आहे. झेरॉक्सच्या ७५ जीएसएम कागदाची क्रेन असेल तर ती वेगळीच ठेवा, जाड कागदाची घडी परत उघडायला बघते आणि मानेत इतके थर जमतात की ती कितीही दाबली तरी कामी पेपरसारखी होणार नाही. त्या दोघींची धार एकमेकींशी लावणं अन्याय आहे.

दुसरं म्हणजे कागद खरंच चौकोनी आहे का. पाकिटावर लिहिलेलं असलं तरी दोन बाजूंत एखाद मिलिमीटरचा फरक सर्रास निघतो. त्या पाकिटातला एक कोरा कागद घ्या, कर्णावर दुमडा, कडा जुळतात का बघा, मग दुसऱ्या कर्णावर तेच करा. दोन्हीकडे एकाच बाजूला पांढरी पट्टी डोकावत असेल तर कागदच वाकडा कापलाय आणि मग सिमेट्रीत तेवढी सूट सगळ्यांनाच द्यायला लागेल.

आणि पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, कागद ओल खातो आणि मऊ पडतो, सकाळी टोकदार असलेली घडी संध्याकाळपर्यंत सैल होते. म्हणून सगळ्या क्रेन एकाच दिवशी, शक्यतो वर्कशॉप संपल्या संपल्या बघा. आठवड्याने कुणी घरून आणलेली क्रेन, बॅगेत चेपलेली, तिच्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.

क्रेनसोबत एक बर्ड बेस पण मागा

ही माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट आहे आणि फार कमी लोक करतात. तयार क्रेन उलगडून बघितली तर सगळं कळतं, पण लोकांची क्रेन मोडायची नसते, लहान मुलं तर रडतील. म्हणून प्रत्येकाकडून पूर्ण क्रेन आणि शिवाय दुसऱ्या कागदाचा फक्त बर्ड बेसपर्यंत दुमडलेला नमुना घ्या. बर्ड बेस म्हणजे प्रिलिमिनरी बेसच्या (तो छोटा चौकोन) दोन्ही बाजूंना पेटल फोल्ड केल्यावर जो लांबट हिरा तयार होतो तो.

याचं माप पक्कं असतं, त्यात मत वगैरे काही चालत नाही. १५० मिमीच्या कागदाचा बर्ड बेस, दोन्ही पंख वर असताना, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत बरोबर १५० मिमी भरायला हवा, म्हणजे मूळ कागदाच्या बाजूइतकाच. सगळ्यात रुंद जागा बरोबर मधे, ७५ मिमीवर, आणि तिथली रुंदी साधारण ६२ मिमी. कागद दुसऱ्या साइझचा असेल तर बाजूला ०.४१४ ने गुणा, रुंदी मिळेल. ही मापं घेऊन एका कागदावर हिरा काढा: उभी रेघ १५० ची, तिच्या मध्यावर आडवी ६२ ची, चारी टोकं जोडली की झालं टेम्पलेट. प्रत्येकाचा बर्ड बेस त्यावर ठेवायचा, बस्स.

कागदाच्या जाडीमुळे लांबीत एखाद मिलिमीटर कमी भरलं तर ते चालतं. पण रुंदी वाढलेली असेल तर मधल्या रेषेवर दोन कडांमधे फट पडलेली असणार, आणि रुंदी कमी असेल तर कडा एकमेकींवर चढलेल्या असणार. यातलं चढणं जास्त वाईट, कारण पुढे पाय, म्हणजे खालची दोन टोकं ज्यांची मान आणि शेपूट होते, अरुंद करताना तिथे कागद चुरगळतो. केसाएवढी फट, दोन्हीकडे सारखी, ही उलट सवयीच्या हाताची खूण आहे, मुद्दाम ठेवलेली असते.

घडीची धार

खोलीतली ट्यूबलाइट वरून येते आणि वरच्या उजेडात सगळ्या घड्या चांगल्याच दिसतात. काळा किंवा गडद चार्ट पेपर अंथरा, क्रेन त्यावर ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च टेबलालाच टेकवून बाजूने मारा. आता घडीची प्रत्येक लाट सावली पाडते. नीट दाबलेली घडी म्हणजे एकच बारीक सरळ रेघ, तिच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला अंधार. नुसती बोटाने सरकवलेली घडी गोलसर दिसते, सावली हळूहळू बदलते. आणि तिसरा प्रकार म्हणजे डबल रेघ, मुख्य घडीच्या शेजारी एक-दोन मिलिमीटरवर दुसरी फिकट रेघ, म्हणजे आधी चुकीच्या जागी दुमडून मग दुरुस्त केलेलं.

ही डबल रेघ धारेत मोजायची का? मी मोजतो, पण थोडीच. धार म्हणजे फक्त दाब नाही, पहिल्याच वेळी योग्य जागी दाब, असं मी धरतो. कुणी म्हणेल की दुरुस्ती केली हे चांगलंच ना, तर हो, म्हणून सिमेट्रीत त्याचे मार्क जात नाहीत.

सगळी क्रेन बघत बसू नका, तीन जागा पुरेशा आहेत. एक, मानेचं टोक आणि चोच, कारण तिथे थर सगळ्यात जास्त आणि दाब कमी पडला की लगेच दिसतं. दोन, पेटल फोल्डची आडवी घडी, जी बर्ड बेसच्या नमुन्यात स्पष्ट दिसते. तीन, मान आणि शेपूट जिथून वर वळतात ती इनसाइड रिव्हर्स फोल्डची जागा. इथे दोन्ही बाजूंची घडी एकाच उंचीवर हवी, एकीकडे वर आणि एकीकडे खाली असेल तर मान पिळवटलेली दिसते.

आणि दोन जागी धार अजिबात शोधायची नाही. पाठीचा फुगवटा आणि पंखाचा बाक. क्रेनची पाठ फुगवलेली असते, तिथे करकरीत घड्या दिसल्या तर करणाऱ्याने ती फुगवलीच नाही किंवा फुगवून परत चेपलीये. अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी कागद ओलसर करून दुमडायची वेट फोल्डिंगची पद्धत आणली ती याच मऊ वळणांसाठी, तशी मॉडेल्स कुणी केली असतील तर त्यांना ही धारेची कसोटी लावूच नका.

जास्त घासण्याचाही प्रॉब्लेम असतो. काही जण स्टीलच्या पट्टीने इतकं घासतात की कागद चकाकतो, रंग निघतो, आणि टोकाशी बारीक चीर पडते. टॉर्चखाली चकाकी लगेच दिसते. नखाने किंवा बोन फोल्डरने एकदाच, मधून बाहेरच्या दिशेने दाबलं की पुरतं.

सिमेट्री

इथे आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या: क्रेनची चार टोकं म्हणजे मूळ कागदाचे चार कोपरे. दोन समोरासमोरचे कोपरे पंख होतात, उरलेले दोन मान आणि शेपूट. त्यामुळे डोकं दुमडायच्या आधी क्रेन दोन दिशांनी सारखी असते, डावा पंख उजव्यासारखा आणि मान शेपटीसारखी. कुठलं टोक बोथट आहे हे बघितलं की कुठल्या कोपऱ्याशी गडबड झाली ते कळतं.

तपासायची रीत अशी. दोन्ही पंख हलकेच वर करून एकमेकांना टेकवा आणि खिडकीच्या उजेडासमोर धरा. टोकं जुळतात का, कडा जुळतात का. कामी पेपर पातळ असल्याने दोन्ही बाह्यरेखा दिसतात. एक मिलिमीटरपर्यंत फरक मी सोडून देतो, दोनच्या वर गेला तर नोंद करतो.

मग पंख परत खाली करा आणि क्रेन उलटी करून पंखाची खालची बाजू बघा. वरून पंख गुळगुळीत असतो पण खालून मधोमध दोन कच्च्या कडा भेटतात. ती भेटीची रेघ पंखाच्या मुळापासून टोकापर्यंत बरोबर मधून जायला हवी. रेघ एका बाजूला सरकत गेली असेल तर पतंगासारखी जी घडी करतो (दोन कडा मधल्या रेषेवर आणायची ती) तिची एक बाजू जास्त आत आलीये. मधे पांढरी फट टोकाकडे रुंद होत असेल तर घडी कोपऱ्यातून निघालेलीच नाही. वरून बघून ही चूक कधीच सापडत नाही, आणि फोटोवरून जज करणाऱ्यांना तर नाहीच नाही.

फोटो काढायचाच असेल तर मोबाइल जवळ नेऊ नका. जवळून काढला की जो पंख कॅमेऱ्याकडे असतो तो मोठा दिसतो आणि चांगली क्रेन वाकडी वाटते. साधारण एक मीटर लांब उभं राहून झूम करा, समोरून बरोबर मध्यावर धरून. मग तोच फोटो आडवा फ्लिप करून मूळ फोटोशेजारी ठेवला की उंचीतला फरक पटकन दिसतो.

एक सावधगिरी, पंख किती खाली ओढले हा सिमेट्रीचा भाग तेव्हाच जेव्हा दोन वेगळे असतील. पाठ फुगवताना एक पंख जास्त ओढला जातो, तो हाताने सरळ करता येतो. म्हणून मी आधी पंख सारखे करून बघतो, तरीही फरक राहिला तरच तो घडीतला फरक.

आकार: जे करायचं होतं तेच झालंय का

हा भाग सगळ्यात जास्त वादाचा कारण इथे आवड मधे येते. वाद टाळायचा असेल तर वर्कशॉप सुरू व्हायच्या आधीच त्याच पाकिटातल्या कागदाची एक रेफरन्स क्रेन शिकवणाऱ्याने करून ठेवायची, आणि तुलना तिच्याशीच करायची. नेटवरच्या फोटोतल्या क्रेनशी नाही.

मग क्रेनमधल्या घड्यांचे दोन गट करा. पहिल्या गटात त्या घड्या ज्यांना कागदावर खूण असते: कडा मधल्या रेषेवर आण, कोपरा कोपऱ्यावर आण. पाय अरुंद करायची घडी यातच येते. या घड्या बरोबर किंवा चूक, मधलं काही नाही. दुसऱ्या गटात अंदाजाच्या घड्या: चोच किती लांब, मान किती तिरकी, पंख कुठपर्यंत खाली, पाठ किती फुगीर. इथे डायग्राममधे खूणच नसते, त्यामुळे बरोबर-चूक म्हणता येत नाही, फक्त रेफरन्सच्या आसपास आहे का एवढंच. चोच मानेच्या निम्म्याहून मोठी झाली तर ती क्रेन वाटत नाही, पण दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. मान आणि शेपूट यांचा कोन वेगळा ठेवणं हीसुद्धा स्टाइल आहे, काही जण शेपूट जास्त उभी ठेवतात.

लांबून एक टेस्ट करायची. क्रेनच्या मागे पांढरा कागद आणि त्याही मागे उजेड, म्हणजे फक्त काळी आकृती दिसेल. आता ज्याने वर्कशॉप केलं नाही अशा कुणालाही विचारा हे काय आहे. रंग, नक्षी, घड्या सगळं गायब झालेलं असतं, उरतो तो निव्वळ आकार.

एक उदाहरण पूर्ण करून बघू

समजा टेबलावर तीन क्रेन आहेत, एकाच कामी पाकिटातल्या. नावं झाकलेली, खाली फक्त अ, ब, क लिहिलंय. प्रत्येकीला प्रत्येक गोष्टीत ५ पैकी मार्क.

अ उचलली की हातातच कळतं, घड्या एकदम करकरीत. टॉर्चखाली सगळ्या एकेरी बारीक रेघा, चकाकी नाही. धार ५. पण पंख जुळवले तर टोकात तीन मिलिमीटरचा फरक, आणि उजव्या पंखाखालची फट टोकाकडे रुंद होत जाते. बर्ड बेसचा नमुना टेम्पलेटवर ठेवला तर डावी बाजू रेघेवर आणि उजवी दोन मिलिमीटर बाहेर. म्हणजे हा हात जोरात दाबतो पण दाबायच्या आधी कोपरा बघत नाही. सिमेट्री २. आकारात बघितलं तर उजवं टोक बोथट आहे, पण ते आधीच मोजलंय, परत कापायचं नाही. बाकी प्रमाण ठीक, आकार ४.

ब शेजारी ठेवली तर आधी जरा ढिली वाटते, लोक हिला मागे टाकतात. टॉर्चखाली घड्या गोलसर, मानेचं टोक उघडायला बघतंय. धार २. पण पंख वर करून जुळवले तर एकावर एक, खालची रेघ दोन्ही पंखांत मधोमध, बर्ड बेस टेम्पलेटवर जवळपास अचूक बसतो. सिमेट्री ५. चोच, मान, फुगवटा रेफरन्ससारखेच. आकार ५. बहुतेक हिने सगळं हवेत धरून, टेबलावर न टेकवता दुमडलंय, म्हणून जागा बरोबर आणि दाब कमी.

क सगळ्यात गंमतीशीर. धार ४, सिमेट्री ५, सुबक दिसते, नवख्या लोकांना हीच आवडेल. पण मान जाड आहे, जवळपास दुप्पट, शेपूटही तशीच. नीट बघा, पाय अरुंद करायची स्टेपच झालेली नाही. बर्ड बेसवरून सरळ मान-शेपूट वळवली की जे होतं तो फ्लॅपिंग बर्ड, शेपूट ओढली की पंख हलवणारा, तोही पारंपरिकच आणि बर्ड बेसवरूनच होतो. शेपूट ओढून बघितली तर पंख हललेही. म्हणजे मॉडेल चांगलं, पण सांगितलेलं नाही. आकार १. इथे मार्क कापताना हात आखडू नका, कारण खुणेची घडी राहिलीये, हा अंदाजाचा फरक नाही. फक्त हे विचारून घ्या की शिकवताना ती स्टेप सगळ्यांना दिसली होती ना, मागच्या रांगेतल्या बऱ्याच जणांची तीच स्टेप राहिली असेल तर दोष दुमडणाऱ्याचा नाही.

बेरीज केली असती तर अ ११, ब १२, क १०, म्हणजे तिघी जवळपास सारख्या, आणि काहीच कळलं नसतं. वेगवेगळे ठेवले की तिघींना तीन वेगळ्या गोष्टी सांगायच्यात हे सरळ दिसतं.

नंबर काढायचाच असेल, स्पर्धा वगैरे असेल, तर बेरजेऐवजी क्रम आधी ठरवा. मी आधी आकार बघतो, मग सिमेट्री, मग धार. कारण धार पुढच्याच क्रेनमधे सुधारते, नुसतं टेबलावर ठेवून नखाने दाबायला सांगायचं. कोपरा बघायची सवय लागायला वेळ जातो. आणि दुसरंच मॉडेल झालं असेल तर त्यापुढे बाकीचं काय मोजायचं. या हिशोबाने ब पहिली, अ दुसरी, क तिसरी, आणि क वाला रुसणार हे धरून चाला.

दोन जण तपासणार असाल तर एकमेकांशी न बोलता आपापले मार्क लिहा आणि क्रेनचा क्रम दोघांनी वेगळा घ्या, कारण अगदी देखण्या क्रेननंतर लगेच बघितलेली क्रेन उगाच वाईट वाटते. कुठे दोन किंवा जास्त मार्कांचा फरक आला तर फक्त तेवढीच क्रेन दोघांनी मिळून टॉर्चखाली परत बघायची. फरक बहुतेक आकारातच येतो, आणि बहुतेक वेळा एकाने पंख सरळ न करताच बघितलेलं असतं.

शेवटी प्रत्येकाला चिठ्ठी द्या, पण तिच्यावर मार्क लिहू नका, पहिली चुकलेली स्टेप लिहा. अ ला: "कर्णाची घडी दाबायच्या आधी कोपरा कोपऱ्यावर बसलाय का बघ, प्रिलिमिनरी बेस झाला की चारही सुटे कोपरे एका टोकावर येतात का तेही बघ." ब ला: "टेबलावर ठेवून दाब." क ला: "पेटल फोल्डनंतर पाय परत एकदा मधल्या रेषेवर, पुढून आणि मागून." आणि सोबत त्यांचा बर्ड बेसचा नमुना परत द्या, चूक जिथे आहे तिथे पेन्सिलने बारीक गोल करून.